सहा वर्षे राहिलेल्या भाडेकरूंना घर रिकामे करण्याची विनंती कशी करावी? (सांगली)

विश्रामबागकर | ४ डिसेंबर

नमस्कार. आमचे विश्रामबागेत स्वतःचे दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर आम्ही चौघे राहतो आणि तळमजल्यावरील दोन खोल्या व स्वयंपाकघर २०१९ पासून एका कुटुंबाला भाड्याने दिले आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमधील महापुरात गावभागातील त्यांच्या भाड्याच्या घरात पाणी शिरले होते, आणि ओळखीतून ते डिसेंबरमध्ये आमच्याकडे आले. दादा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, वहिनी घरून डबे देतात आणि त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. सहा वर्षांत त्यांचे भाडे एकदाही थकलेले नाही.

ऑक्टोबरमध्ये माझ्या सासूबाई पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. मिरजेला शस्त्रक्रिया झाली. सध्या त्या कोल्हापूरला धाकट्या दिरांकडे आहेत. पण त्यांची जागा अपुरी आहे आणि उन्हाळ्यापर्यंतच जमेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत आणि डॉक्टरांनी जिना पूर्णपणे बंद केला आहे. म्हणून तळमजला मोकळा करून घेण्याशिवाय मला दुसरा मार्ग दिसत नाही.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की अकरा महिन्यांचे करार आम्ही तीन वेळा नोंदणी करून केले, पण शेवटचा ऑगस्ट २०२२ मध्ये संपला. त्यानंतर "काकू, करू निवांत" असे म्हणत ते राहूनच गेले. भाडे ७,५०० रुपये असून दरमहा बँकेत जमा होते आणि अनामत रक्कम ४०,००० रुपये आहे. दुसरी अडचण माझ्याच हाताने झालेली आहे. सप्टेंबरमध्ये मी त्यांच्याकडे हजार रुपये भाडेवाढ मागितली होती आणि त्यांनी दिवाळीनंतर बोलू असे सांगितले होते. आता मी घर मागितले, तर सासूबाईंचे कारण निमित्तापुरते आहे असेच त्यांना वाटेल.

संबंध न बिघडवता ही विनंती कशी करावी, आणि ती केवळ तोंडी करावी की लेखी?

हळदभाव | ४ डिसेंबर

ताई, तुमचा करार २०२२ मध्येच संपला असल्यामुळे ते आज तुमच्या घरात कोणत्याही हक्काविना राहत आहेत. महिन्याची मुदत द्या आणि न गेल्यास कुलूप बदला, यात विनंतीचा प्रश्नच येत नाही. उलट तुम्ही उशीर करत आहात, कारण बारा वर्षे झाली की घर राहणाऱ्याच्या नावावर होते. माझ्या चुलत्यांनी याच भीतीने दर अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलला.

दिवाणी दप्तर | ४ डिसेंबर

हळदभाव यांच्या म्हणण्यातील एक भाग बरोबर आहे: करार संपला आहे. त्यापुढचे मात्र विश्रामबागकर यांनी अमलात आणू नये. बारा वर्षांची जी गोष्ट गावोगाव सांगितली जाते, ती मालकाचा हक्क नाकारून उघडपणे जागा बळकावून बसलेल्या माणसाविषयी आहे. जो दरमहा भाडे देतो, तो मालकाची मालकी दरमहा मान्यच करत असतो. कुलूप बदलणे, पाणी किंवा वीज तोडणे हे तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ असताना मालकालाच अडचणीत आणते. त्यातील कलम २९ आवश्यक सेवा तोडण्याविरुद्धच आहे.

आता खरी गुंतागुंत सांगतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी, नोंदणीकृत आणि मुदत संपलेला असेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतर जागा अडवून ठेवणाऱ्याला दुपटीने नुकसानभरपाई द्यावी लागते. तो मार्ग दाव्यापेक्षा पुष्कळ जवळचा आहे. तुमच्या बाबतीत मात्र करार संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तुम्ही भाडे घेत राहिलात. "२०२२ नंतर आमचे तोंडी ठरले होते आणि आम्ही आता भाडेकरू आहोत" असे ते म्हणाले, तर वादाला जागा निर्माण होते. करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. तो नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि ते चूक आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. तसे झाल्यास तुम्हाला दिवाणी न्यायालयात कलम १६(१)(जी) खाली, म्हणजे स्वतःच्या खऱ्या व वाजवी गरजेसाठी, दावा लावावा लागेल. आजारी सासूबाईंची गरज ही तुमच्याच कुटुंबाची गरज आहे, त्याबाबत शंका नसावी. मात्र तेथे न्यायालय दोन्ही बाजूंचा त्रास तोलून पाहते आणि निकालाला किती वर्षे लागतील याचा भरवसा देता येत नाही.

हे सर्व सांगण्याचा हेतू तुम्हाला दाव्याकडे नेण्याचा नाही. सामोपचाराने जी तारीख ठरेल, ती कागदावर कशी आणायची हा तुमचा खरा प्रश्न आहे. माझ्या मते तुम्ही त्यांच्याशी बोलून, त्यांना पटेल अशी मुदत ठरवून, तेवढ्याच मुदतीचा नवा करार नोंदवून घ्यावा. अकरा महिन्यांचाच करार करावा असे कोणतेही बंधन नाही. पाच महिन्यांचाही होतो. शहरात नोंदणी फी १,००० रुपये आहे, मुद्रांक शुल्क तुमच्या रकमेवर किरकोळ येईल आणि तो खर्च तुम्ही करावा. अशा करारामुळे मुलीची परीक्षा होईपर्यंत आपल्याला कोणी हलवणार नाही याची त्यांना लेखी खात्री मिळते, आणि तुम्हाला कलम २४ चा मार्ग पुन्हा मोकळा होतो.

कृष्णाकाठचा | ५ डिसेंबर

ताई, काळजी करू नका. दहावीचे वर्ष असताना मालक असे बाहेर काढू शकत नाही. तुम्ही भाडे बँकेत भरत राहा, पावत्या जपून ठेवा आणि कोणत्याही कागदावर सही करू नका.

विश्रामबागकर | ५ डिसेंबर

आपला थोडा गैरसमज झाला आहे. मी भाडेकरू नसून घरमालकीण आहे. तरीही आपला सल्ला वाचून थोडी धास्तावले, कारण आमच्या दादांना त्यांचा कोणी हितचिंतक नेमके हेच सांगेल.

यादोगोपाळ | ५ डिसेंबर

आमचा अनुभव साताऱ्याचा आहे. यादोगोपाळ पेठेतील आजोबांच्या वाड्यात चार खोल्यांत एक भाडेकरू अनेक वर्षांपासून राहत होते आणि त्यांचे भाडे साठ रुपये होते. माझ्या भावाचे लग्न ठरले तेव्हा वडिलांनी त्यांना दोन खोल्या तरी सोडा, असे सांगितले. सांगताना मात्र त्यांनी एका दमात तीन कारणे दिली: लग्न आहे, वाड्याची भिंत पडायला आली आहे आणि साठ रुपयांत आता काही परवडत नाही. पुढे दावा झाला, तेव्हा समोरच्या वकिलांनी आमच्याच पत्रातून ती तीन कारणे वाचून दाखवली आणि मालकाला खरी गरज भाड्याची आहे, असा मुद्दा मांडला. लग्न खरे होते, वहिनी घरात आली होती, तरीही ते सिद्ध करताना आमची दमछाक झाली. शेवटी न्यायालयाने चारपैकी दोन खोल्यांपुरताच हुकूम दिला. आम्ही सुरुवातीला मागितले होते तेवढेच मिळाले, फक्त मध्ये नऊ वर्षे गेली.

तुमचे प्रकरण वाड्यासारखे जुने नाही, हे मला मान्य आहे. तरीही एक विचारतो: तुम्ही खाली आणि भाडेकरू वर अशी अदलाबदल होणार नाही का? हा प्रश्न ते तुम्हाला पहिल्याच बैठकीत विचारतील.

विश्रामबागकर | ५ डिसेंबर

त्याचा विचार आम्ही केला होता. वर तीन खोल्या आहेत आणि दोन्ही मुले मोठी आहेत. खालच्या दोन खोल्यांत आम्ही चौघे व सासूबाई मावणार नाही. शिवाय त्यांच्याजवळ रात्री कोणीतरी झोपावे लागते आणि दिवसा एक मदतनीस बाई राहणार आहेत. खालच्या न्हाणीघरात कमोड व भिंतीला धरायचे दांडे बसवायचे आहेत, त्या कामालाही दोन-तीन आठवडे लागतील.

सदरबझार | ६ डिसेंबर

मी या प्रकरणाच्या दुसऱ्या बाजूला राहिलेली आहे, म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी साताऱ्यात आमच्या मालकांनी त्यांचा मुलगा परत येणार म्हणून घर मागितले. ते अतिशय सौजन्याने बोलले, चहा झाला, आणि "तुमच्या सोयीने बघा, घाई काही नाही" असे म्हणून निघून गेले. आम्ही ते शब्द खरे मानले. दोन महिन्यांनी त्यांचे बोलणे तुटक झाले, तिसऱ्या महिन्यात काकूंनी माझ्याशी बोलणे बंद केले आणि आम्हाला कळेना की आमचे काय चुकले. नंतर समजले की त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून दिवाळीची तारीख होती. ती त्यांनी तेव्हाच सांगितली असती तर आम्ही तिच्या आत गेलो असतो.

दुसरी गोष्ट पैशांची आहे आणि ती मालकांच्या लक्षात सहसा येत नाही. नवे घर ठरवताना तिथली अनामत आधी द्यावी लागते. जुनी अनामत मात्र किल्ली दिल्यावर मिळते. मधल्या काळात तेवढे पैसे उभे करायचे कोठून? आम्हाला एक चांगले घर केवळ यासाठी सोडावे लागले. तुमच्या दादांना नवीन घराची अनामत, टेम्पो आणि एका महिन्याचे आगाऊ भाडे मिळून साठ-सत्तर हजार रुपये एकदम लागतील. तुम्ही अनामतीतील निम्मी रक्कम नवे घर ठरताच दिलीत, तर कोणत्याही गोड बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

वहिनींच्या डब्यांचाही विचार करा. त्यांचे गिऱ्हाईक जवळपासचेच असणार, आणि पुरातून आलेले कुटुंब नदीकडच्या भागात तळमजला पाहणार नाही. त्यांना घर मिळायला वेळ लागेल.

विश्रामबागकर | ७ डिसेंबर

सर्वांचे वाचून एक मसुदा केला आहे. तो प्रत्यक्ष बोलल्यानंतर हातात द्यावा, असा विचार आहे.

"आदरणीय दादा आणि वहिनी, सप्रेम नमस्कार. आपण सहा वर्षे आमच्या घरात घरच्यासारखे राहिलात, याबद्दल आम्ही आभारी आहोत. आपणास कल्पना आहेच की सासूबाईंची शस्त्रक्रिया झाली असून त्यांना जिना चढणे शक्य नाही. त्यामुळे, तसेच तळमजल्याच्या न्हाणीघराचे नूतनीकरण करावयाचे असल्यामुळे, आम्हाला तळमजल्याची गरज आहे. शक्य झाल्यास एप्रिल-मेच्या सुमारास, आपल्या सोयीने, जागा रिकामी करून सहकार्य करावे. अन्यथा आमची फार अडचण होईल. भाडेवाढीबाबत नंतर बोलू."

दिवाणी दप्तर | ७ डिसेंबर

पत्राचा सूर चांगला आहे, पण ते तुमचे काम करणार नाही. "शक्य झाल्यास", "सुमारास" आणि "आपल्या सोयीने" हे तीन शब्दप्रयोग एकत्र आले की वाचणाऱ्याला तारीखच मिळत नाही. सदरबझार यांचे मालक याच वाटेने गेले. तुम्ही ३१ मे अशी तारीख लिहा. दहावीची लेखी परीक्षा मार्चमध्ये संपलेली असेल, एप्रिल आणि मे हे दोन महिने घर शोधायला मिळतील आणि जूनच्या पावसाच्या आत सामान हलेल. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज त्या सुमारास असतात. त्यासाठी जुन्या पत्त्याचे काही कागद लागले तर ते देऊ, असेही लिहा.

न्हाणीघराचे नूतनीकरण हे वेगळे कारण म्हणून पत्रात येऊ देऊ नका. कमोड आणि दांडे सासूबाईंसाठीच बसवायचे आहेत, तेव्हा ते काम त्याच गरजेचा भाग म्हणून एका वाक्यात सांगा. यादोगोपाळ यांच्या वडिलांची तीन कारणे आठवा.

भाडेवाढीचे वाक्य तर सर्वांत घातक आहे. "नंतर बोलू" याचा अर्थ ते असा घेतील की हजार रुपये वाढवले तर हा विषय मिटेल, आणि मग ते प्रामाणिकपणे हजार रुपये वाढवून देतील. तुम्ही ते घेतलेत की तुमची गरज कागदावर संपली. सप्टेंबरमधील मागणी मागे घेतली आहे आणि ३१ मेपर्यंत भाडे ७,५०० रुपयेच राहील, असे स्वच्छ शब्दांत लिहा. ही जागा दुसऱ्या कोणाला भाड्याने देणार नाही, हेही लिहा. खऱ्या गरजेसाठी न्यायालयाच्या हुकुमाने ताबा मिळाल्यावर मालकाने महिन्याच्या आत जागा वापरली नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला दिली, तर मूळ भाडेकरूला ती परत मागता येते. तुमच्याकडे हुकूम नसला तरी तोच नियम स्वतःला लावून घेतलात, तर त्यांचा संशय फिटेल.

अनामतीबाबत सदरबझार यांची सूचना उत्तम आहे. नव्या घराचे ठरल्यावर २०,००० रुपये बँकेतून द्या आणि तेवढी पोहोच घ्या. उरलेले २०,००० किल्ली हातात येईल त्या दिवशी, महावितरणच्या मीटरचे वाचन दोघांनी मिळून लिहून घेतल्यावर, लगेच द्या. "बिल आल्यावर बघू" म्हणून पैसे अडकवले की शेवटचा दिवस कडू होतो. त्याच दिवशी ताबा मिळाल्याची दोन ओळींची पावती दोघांच्या सहीने करावी.

सदरबझार | ७ डिसेंबर

माझा एका गोष्टीला आक्षेप आहे. दिवाणी दप्तर यांनी स्वतःच सांगितले की आज करार नसल्यामुळे कायदा भाडेकरूच्या बाजूला झुकतो. मग त्यांच्याकडून पाच महिन्यांच्या करारावर सही घेणे म्हणजे त्यांची ती बाजू गोडीने काढून घेणे झाले. सौजन्याने मागायचे असेल, तर ही सही केल्यावर तुमच्या हातातून काय जाते, हेही त्यांना सांगायला नको का?

दिवाणी दप्तर | ८ डिसेंबर

प्रश्न रास्त आहे. सही करण्यापूर्वी मसुदा त्यांनी आपल्या माणसाला किंवा वकिलाला दाखवावा, असे मालकाने स्वतःहून सुचवावे आणि त्यासाठी आठवडाभर वेळ द्यावा, एवढे मी नेहमी सांगतो. त्यापलीकडे जाऊन समोरच्याचा कायदेशीर बचाव मालकानेच शिकवावा, असे मी माझ्या पक्षकाराला सांगणार नाही. दुसरे असे की त्यांनाही काही मिळते. आज त्यांच्या हातात एकही चालू कागद नाही. करार झाला, आणि मुदतीच्या आत मालकाला तो मोडता येणार नाही अशी अट त्यात घातली, तर ३१ मेपूर्वी कोणी त्यांना उठवू शकणार नाही.

सदरबझार | ८ डिसेंबर

वकिलाच्या जागेवरून ते बरोबर असेल. मला मात्र ते पटलेले नाही.

हळदभाव | ८ डिसेंबर

एवढे सगळे करूनही ते ३१ मेला गेले नाहीत तर? माझा प्रश्न तेवढाच आहे.

दिवाणी दप्तर | ८ डिसेंबर

तर १ जूनपासून आलेली रक्कम भाडे म्हणून निमूटपणे स्वीकारू नये. मुदत संपल्याचे आणि ती रक्कम नुकसानभरपाई म्हणून धरत असल्याचे लगेच लेखी कळवावे आणि विनाविलंब कलम २४ चा अर्ज करावा. २०२२ मध्ये जे घडले, तेच पुन्हा घडू देऊ नये.

विश्रामबागकर | १५ डिसेंबर

काल रविवारी आम्ही दोघे खाली जाऊन बोललो. मुलगी शिकवणीला गेली होती, ती वेळ मुद्दाम निवडली. पत्र वाचून दाखवले नाही, आधी तोंडी सांगितले. भाडेवाढ मागे घेतल्याचे सर्वांत प्रथम सांगितले, आणि ते बरे झाले, कारण दादा मला थांबवून म्हणाले, "काकू, आम्हाला वाटलं होतं तुम्ही हजारासाठीच खाली आलात." सासूबाईंचे ऐकून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले, त्या दोघींचे नाते माझ्यापेक्षाही जवळचे आहे. अदलाबदलीचा प्रश्न यादोगोपाळ यांनी म्हटल्याप्रमाणे खरोखरच आला आणि उत्तर तयार होते.

सदरबझार यांचा आक्षेप माझ्या डोक्यातून जात नव्हता. यजमानांना न विचारताच मी दादांना सांगून टाकले की आज आपल्यात करार नाही आणि त्यामुळे कायद्याने तुमची बाजू बळकट आहे. या कागदावर सही केली की ती तशी राहणार नाही, म्हणून आधी कोणाला तरी दाखवा. यजमान वर आल्यावर तासभर माझ्याशी बोलले नाहीत. दिवाणी दप्तर यांनाही हे आवडणार नाही, याची कल्पना आहे.

दादांनी मसुदा ठेवून घेतला असून त्यांचा मेहुणा तासगावला वकिलांकडे कारकून आहे, त्याला दाखवून पुढच्या रविवारी सांगतो म्हणाले. त्यांनी ३१ मेऐवजी १५ जून मागितली आहे, कारण वहिनींच्या डब्यांचे महिन्याचे पैसे पंधरा तारखेला जमा होतात. कोल्हापूरचे दीर मात्र मे अखेरीच्या पुढे एक दिवसही मानायला तयार नाहीत आणि न्हाणीघराचे काम अजून व्हायचे आहे. निम्म्या अनामतीचे ऐकल्यावर दादा काही बोलले नाहीत, पण वहिनींनी लगेच विचारले की गव्हर्नमेंट कॉलनीच्या बाजूला एका ओळखीच्यांचा तळमजला मार्चमध्ये मोकळा होणार आहे, तो आताच ठरवला तर ती रक्कम आताच मिळेल का. मी हो म्हणाले.

दिवाणी दप्तर | १५ डिसेंबर

रक्कम जरूर द्या, पण नवे घर मार्चमध्ये मिळणार असेल तर मसुद्यातील मुदतीचे कलम बदलावे लागेल. भाडेकरूने पंधरा दिवस आधी कळवून ३१ मेपूर्वी केव्हाही जागा सोडावी आणि सोडलेल्या तारखेपर्यंतचेच भाडे द्यावे, असे त्यात लिहा. नाहीतर त्यांना दोन घरांचे भाडे भरावे लागेल या धास्तीने ते मार्चची जागा सोडून देतील. बाकी तुम्ही जे सांगून बसलात, त्याविषयी मेहुण्यांचे उत्तर आल्यावर बोलू.